ठोके अडीच पट, ऑक्सिजन दहा पट: हे गणित जुळतं कसं?

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या कडेने सकाळी फिरणाऱ्यांच्या मनगटाकडे पाहिलं, तर घड्याळ वेळेसाठी कुणी घालत नाही असंच वाटेल. फेरी संपली की "माझे एकशे अठरा, तुमचे?" अशी चौकशी सुरू होते. हृदयाच्या ठोक्यांचा हा आकडा खरा असतो, उपयोगाचाही असतो. पण व्यायाम वाढतो तसं शरीरात जे घडतं, त्यातला एक तृतीयांश भागच तो सांगतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. ४२ वर्षांचे एक शिक्षक, वजन ७० किलो, तब्येत ठणठणीत, पण खेळाडू वगैरे नव्हेत. आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, मात्र अशा माणसाच्या अंगाला बसतील असेच. सर नुसते उभे असतात तेव्हा त्यांचे ठोके मिनिटाला ७२ असतात आणि शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. जीव खाऊन पळाले की ठोके १७८ वर जातात आणि ऑक्सिजनचा वापर २४५० मिलिलिटरवर. ठोके जेमतेम अडीच पट झाले, ऑक्सिजन मात्र जवळजवळ दहा पट. मधली चौपट आली कुठून?

उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवणाऱ्या टँकरचा हिशेब आपल्या जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. गावाला किती पाणी मिळालं हे तीन गोष्टींवर ठरतं: टँकरने किती खेपा केल्या, दर खेपेला तो किती भरला होता, आणि परत जाताना त्यात किती पाणी तसंच राहिलं. रक्ताचंही तसंच आहे. हृदयाचे ठोके म्हणजे खेपा. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त, ज्याला डॉक्टर स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणतात, ते भरलेपण. आणि स्नायूंकडून परतणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन न वापरता उरला, हा तिसरा भाग. घड्याळ फक्त खेपा मोजतं.

आता सर उभे आहेत. एका ठोक्याला ६८ मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. ७२ गुणिले ६८, म्हणजे मिनिटाला ४.९ लिटर. माणसाच्या अंगात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असतं, तेव्हा आरामातसुद्धा सगळं रक्त साधारण मिनिटाला एकदा फिरून येतं. फुप्फुसांतून निघालेल्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हा आकडा हिमोग्लोबिनवरून निघतो: एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं, आणि सरांचं हिमोग्लोबिन १५ आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम. म्हणजे मिनिटाला जवळपास १००० मिलिलिटर ऑक्सिजन रवाना होतो आणि वापरला जातो २५०. लिटरमागे ५० काढून घेतले, १५० तसेच परत. आरामात शरीर एवढं सढळ असतं.

सर ताशी ५ किलोमीटरने चालू लागले. गरज ८३० मिलिलिटरवर गेली. ठोके ९८, दर ठोक्याचं रक्त ८६ मिलिलिटर, मिनिटाला ८.४ लिटर. लिटरमागे आता ९९ मिलिलिटर ऑक्सिजन काढला जातोय. इथे तिन्ही गोष्टी एकदमच हलल्या आहेत, आणि हीच या टप्प्याची खासियत.

ठोके कसे वाढले ते आधी पाहू. हृदयाचा ठोका जिथून सुटतो त्या पेशींना मोकळं सोडलं तर त्या मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतात. आरामात व्हेगस नावाची नस त्यांना आवरून धरते म्हणून आपल्याला ७२ दिसतात. चालायला लागलं की मेंदू हा आवर सैल करतो, आणि तेवढ्यानेच ठोके शंभराच्या घरात पोचतात. म्हणून पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच आकडा उडी मारतो. त्यापुढचे ठोके वाढवायला दुसरी, चेतवणारी नसांची यंत्रणा आणि अॅड्रेनलिन लागतं. ते काम सावकाश होतं, म्हणून घड्याळ १४०-१५० वर स्थिरावायला दोन-तीन मिनिटं घेतं.

दर ठोक्याचं रक्त वाढण्यामागे मात्र पायांचा मोठा हात आहे, असं म्हणायला हरकत नाही. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त कमरेखालच्या शिरांत साठून राहतं. पावलागणिक पोटऱ्या आवळल्या जातात, शिरा दाबल्या जातात, आणि आतल्या झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेला जातं. त्यात पोटातल्या शिराही आक्रसतात. हृदयाकडे रक्त जास्त आलं की कप्पा जास्त भरतो, भिंती ताणल्या जातात, आणि ताणलेला स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो. शिवाय उभं असताना कप्प्यातलं साधारण साठ टक्के रक्तच बाहेर जात होतं, ते व्यायामात पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत जातं. जास्त भरणं आणि जास्त रिकामं होणं, दोन्हींची बेरीज झाली. आडवं झोपलेल्या माणसात पायांत रक्त साठलेलं नसतं, त्यामुळे त्याचं दर ठोक्याचं रक्त आधीच जास्त असतं. पोहताना ठोके पळण्यापेक्षा कमी दिसतात त्याचं एक कारण हेच.

सरांनी वेग वाढवला. हात जोरात हलवत ताशी साडेसहा-सात किलोमीटरचं चालणं. आणखी थोडं वाढवलं तर पळावंच लागेल असं. आता ते आपल्या कमाल क्षमतेच्या निम्म्यावर आहेत. गरज १२२५ मिलिलिटर, ठोके ११८, दर ठोक्याला ९५ मिलिलिटर, मिनिटाला ११.२ लिटर.

दर ठोक्याचं रक्त ६८ वरून ८६, ८६ वरून ९५. आणि इथे ते जवळजवळ थांबतं. सर ताशी ८ किलोमीटरने पळू लागतात, गरज थेट २१०० मिलिलिटरच्या वर जाते, ठोके १६४ होतात, पण स्ट्रोक व्हॉल्यूम फक्त ९८. आणखी पळवा, दम तुटेपर्यंत, तरी ९८च. सर्वसाधारण माणसात कमाल क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ही रेघ सपाट होते. पुढचा सगळा वाढीव पुरवठा ठोक्यांनी आणि ऑक्सिजन जास्त काढून घेऊन भागवावा लागतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच. निम्म्या जोरापर्यंत हृदय दोन रीतींनी काम वाढवतं. त्यानंतर त्याच्याकडे एकच रीत उरते.

सपाट का होते? वेळ कमी पडतो हे मुख्य कारण. ७२ ठोक्यांना एका ठोक्याची फेरी ०.८३ सेकंदांची असते, त्यातला जवळपास अर्धा सेकंद कप्पा भरण्यासाठी. १७८ ठोक्यांना सगळी फेरीच सेकंदाच्या एक तृतीयांशात उरकते, आणि भरायला सेकंदाचा साधारण सातवा भाग उरतो. खरं नवल असं की एवढ्या घाईत स्ट्रोक व्हॉल्यूम कोसळत नाही. कारण हृदयाचा स्नायू आकुंचन जसं जोराने करतो तसा सैलही झपाट्याने पडतो आणि रक्त आत ओढून घेतो. शिवाय हृदयाभोवतीचं आवरण फारसं ताणत नाही, त्यामुळे कप्पा किती फुगू शकतो यालाही मर्यादा आहे. कसलेल्या धावपटूंमध्ये ही रेघ सपाट न होता शेवटपर्यंत थोडी चढत राहते, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. पण तलावाकाठी फिरणाऱ्या आपल्यासारख्यांचा तो प्रश्न नाही.

आता तिसरा भाग, जो कुठल्याच घड्याळात दिसत नाही. पूर्ण जोरात सरांचं हृदय मिनिटाला १७.४ लिटर रक्त फेकतं आणि २४५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरला जातो. म्हणजे लिटरमागे १४०. उभं असताना हाच आकडा ५० होता. गुणाकार मांडून पाहा: ठोके सुमारे २.५ पट, दर ठोक्याचं रक्त १.४४ पट, लिटरमागे काढलेला ऑक्सिजन २.८ पट. तिन्हींचा गुणाकार साधारण दहा. घड्याळाने दाखवलेल्या वाढीपेक्षा न दाखवलेली वाढ मोठी निघाली.

लिटरमागे जास्त ऑक्सिजन निघतो तो दोन कारणांनी. एक तर रक्त जातं कुठे हेच बदलतं. आरामात स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा येतो. पूर्ण जोरात ऐंशी टक्क्यांच्या वर. मूत्रपिंडं आणि आतडी यांचा वाटा कापला जातो, मेंदूचा मात्र टिकवला जातो. हुरडा पार्टीत पोटभर खाऊन लगेच पोरांबरोबर क्रिकेट खेळायला उतरलं की पोटात का ढवळतं, ते यावरून समजेल. दोघंही एकाच रक्तावर हक्क सांगत असतात. दुसरं कारण खुद्द स्नायूंत आहे. काम करणारा स्नायू गरम होतो, त्यात आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि या तिन्ही गोष्टींमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल पडते. जिथे काम जास्त, तिथेच ऑक्सिजन जास्त सुटतो.

हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मात्र ही सोय नाही. तो आरामातच आपल्या वाट्याच्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या वर ऑक्सिजन काढून घेत असतो. काम वाढलं की त्याला जास्त रक्तच हवं, आणि त्याच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर ते मिळत नाही. म्हणून असा त्रास बसल्या जागी कळत नाही, जिना किंवा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस टेस्टमध्ये डॉक्टर ठोक्यांबरोबर ईसीजी आणि रक्तदाबही पाहतात तो यासाठी. जोर वाढत असताना वरचा रक्तदाब चढण्याऐवजी घसरायला लागला, तर ठोके कितीही चांगले दिसोत, टेस्ट तिथेच थांबवतात.

हा सगळा हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो, आणि तो १८७० साली अॅडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवला. शरीराने मिनिटाला किती ऑक्सिजन वापरला आणि धमनीतल्या व शिरेतल्या रक्तात लिटरमागे किती फरक पडला हे कळलं, की पहिल्याला दुसऱ्याने भागून हृदयाने किती रक्त फेकलं ते निघतं. आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून तपासणी करतात तिथे, हे सूत्र वापरलं जातं.

आता एक फसवी गोष्ट. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी आला. तो ९८ दाखवतो म्हणजे ऑक्सिजन भरपूर, असा समज पक्का झाला आहे. तो यंत्राचा आकडा असा सांगतो की आहे त्या हिमोग्लोबिनपैकी ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. हिमोग्लोबिनच कमी असेल तर? ५८ किलो वजनाची, हिमोग्लोबिन ९ असलेली एक स्त्री घ्या. तिच्या लिटरभर रक्तात २०० ऐवजी १२० मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि ऑक्सिमीटर तरीही ९८च दाखवणार. ताशी ५ किलोमीटरने चालायला तिला ६८५ मिलिलिटर लागतो. हिमोग्लोबिन १३ असताना हे काम मिनिटाला ७.२ लिटर रक्तात, १०३ ठोक्यांना भागलं असतं. आता तिला सुमारे ८.८ लिटर रक्त फिरवावं लागतं, आणि दर ठोक्याचं रक्त ७० मिलिलिटरच धरलं तर ठोके १२६ होतात. चालणं तेच, रस्ता तोच. साध्या चालण्यात धाप लागते, ठोके कारणाशिवाय चढे दिसतात, बोटावर ९८ येतात; अशा वेळी रक्त तपासून हिमोग्लोबिन पाहणं हा स्वस्तातला आणि नेमका मार्ग आहे.

आणि मग आपला उन्हाळा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली सकाळ आणि मे महिन्यातली सकाळ यांत सरांचं चालणं तेच, ऑक्सिजनची गरज तीच १२२५ मिलिलिटर, हृदयाला फेकावं लागणारं रक्तही तेच सुमारे ११.२ लिटर. पण अर्ध्या तासानंतर घड्याळ ११८ ऐवजी १३३ दाखवतं. फेकलेलं रक्त तेवढंच असेल आणि ठोके वाढले असतील, तर दर ठोक्याचं रक्त कमी झालं असलं पाहिजे, ११.२ ला १३३ ने भागलं की ८४ मिलिलिटर येतात. ९५ वरून ८४.

कारण उष्णता बाहेर टाकायला कातडीखालच्या बारीक शिरा उघडतात आणि बरंच रक्त तिथे पसरून राहतं. घामाने रक्तातलं पाणीही घटतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, म्हणून भरणं कमी. शरीर तापलं की त्या उष्णतेनेही ठोके वाढतात, आणि ठोके वाढले की भरायला वेळ कमी मिळतो. आधी काय आणि नंतर काय, यावर जाणकारांत अजून वाद आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलतात एवढं नक्की. वेग न वाढवताही मिनिटामिनिटाला ठोके वर सरकत जाण्याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात.

यातून घड्याळाची एक गंमत निघते. बरीचशी घड्याळं जळालेल्या कॅलरी ठोक्यांवरून काढतात. मे महिन्यात तीच फेरी मारून ती जास्त कॅलरी दाखवतात, ऑक्सिजनचा वापर मात्र जवळपास तेवढाच असतो. तो फुगवटा खरा मानून कुणी दोन जिलेब्या जास्त खाल्ल्या तर घड्याळाला दोष देता येणार नाही. हृदयावरचा वाढीव ताण मात्र खोटा नाही, म्हणून उन्हाळ्यात वेग धरून ठेवण्यापेक्षा ठोका धरून वेग कमी करणं मला शहाणपणाचं वाटतं. पाणी किती गेलं ते कळायला साधा काटा पुरतो: चालायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. ७० किलोच्या माणसाचं १.४ किलो घटलं म्हणजे वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, आणि तेवढ्यात ड्रिफ्ट चांगलाच जाणवतो.

मनगटावरचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तो हिरव्या प्रकाशाने कातडीखालच्या रक्ताची हालचाल पाहतो, आणि पट्टा सैल असेल तर कधीकधी पावलांचा ताल ठोका म्हणून मोजतो. आकडा तुमच्या मिनिटातल्या पावलांइतकाच येत असेल तर शंका घ्या. थांबल्या थांबल्या मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. '२२० वजा वय' हे सूत्रही सरासरीचं आहे. ४२ व्या वर्षी त्यातून १७८ येतात, पण त्याच वयाचे धडधाकट लोक १६५ वर किंवा १९० वरही थकतात. आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर घड्याळातले सगळे झोन बाद समजा. गोळी ठोके दाबून ठेवते आणि हृदय तेच काम जास्त भरून, कमी ठोक्यांत करू पाहतं. तिथे दम किती लागतो, चालता चालता वाक्य पुरं बोलता येतं का, हेच माप.

समजा सरांनी सहा महिने नेमाने चालणं-पळणं केलं. कमाल ठोके १७८च राहतात, सरावाने ते वाढत नाहीत. बदलतं ते दर ठोक्याचं रक्त. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, पुढे डावा कप्पा थोडा मोठा होतो आणि भरताना जास्त सहज ताणला जातो. पूर्ण जोरात ९८ चे ११० मिलिलिटर झाले तर मिनिटाला १९.६ लिटर रक्त. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असल्याने लिटरमागे १४० ऐवजी १४३ निघतात. एकूण २८०० मिलिलिटर ऑक्सिजन. ताशी ५ किलोमीटरच्या चालण्याला गरज मात्र पूर्वीचीच ८३० आहे, रक्तही पूर्वीचंच ८.४ लिटर लागतं. ते आता दर ठोक्याला ९६ मिलिलिटरने जातं, म्हणून घड्याळात ९८ च्या जागी ८८ दिसतात.